पिशवीसकट सहा फूट

सुपरवायझरने खिशातून टेप काढला तेव्हाच मला खटकलं होतं. २०२४च्या ऑक्टोबरातली गोष्ट. पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका नव्या सोसायटीच्या गेटाशी आमचा टेम्पो उभा होता, सोनचाफ्याची दीडशे झाडं उतरवून भिंतीला ओळीने लावून झाली होती, आणि मी चलनावर सही घ्यायला पुढे झाले होते. त्याने टेपचं टोक पिशवीतल्या मातीवर टेकवलं आणि शेंड्यापर्यंत ताणलं.

"चार फूट अकरा इंच. मॅडम, ऑर्डर सहा फुटांची आहे."

"सहाच आहे की. पिशवीसकट."

"पिशवी काय आम्ही जमिनीवर ठेवणार आहोत का? झाड किती आहे ते बोला."

उरुळी कांचन, सोरतापवाडीच्या आमच्या पट्ट्यात सोलापूर रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना नर्सऱ्याच नर्सऱ्या दिसतात. त्यातल्या बहुतेक ठिकाणी उंची बोलतात ती जमिनीपासून, म्हणजे पिशवी धरून. अण्णांनी उसाचा खोडवा मोडून पहिल्या पिशव्या भरल्या तेव्हापासून मी हेच ऐकत आले. घेणारा नर्सरीवाला असेल तर त्यालाही हेच माहीत असतं. त्यामुळे 'पिशवीसकट' हा शब्द चलनावर लिहायचं आमच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. बारा-पंधराची, म्हणजे बारा इंच रुंद आणि पंधरा इंच लांब पिशवी भरून उभी केली की साधारण तेरा इंच होते. ते तेरा इंच त्या दिवशी माझ्याकडून वजा झाले आणि माल सहा फुटी दरातून पाच फुटी दरात जाऊन पडला. सहाचा दर ३२० रुपये, पाचचा २४०. दीडशे झाडांमागे सरळ बारा हजारांचा फरक.

तिथे उन्हात उभं राहून मी भांडले, ते पुढे सांगते. पण परत येताना टेम्पोत बसल्या बसल्या डोक्यात एकच घोळत राहिलं. आपण नक्की विकतो काय? उंची विकतो, पिशवी विकतो, की आणखीनच काही?

आमच्याकडे गिऱ्हाईक आलं की एक प्रश्न ठरलेला असतो. छोट्या पिशवीतला चाफा शंभर-सव्वाशे आणि मोठ्या पिशवीतला चारशे, असं कसं? झाड तर तेच! लोकांना पिशवीचे आकडे ऐकून वाटतं, सहा-आठची पिशवी आणि बारा-पंधराची पिशवी, म्हणजे दुप्पट. दुप्पट नसते. हे आकडे पिशवी सपाट पडलेली असतानाचे, इंचातले. सहा इंच रुंदीची पिशवी माती भरून गोल झाली की तिचा व्यास पावणेचार इंचांच्या आसपास येतो, तिच्यात सव्वा ते दीड लिटर माती बसते. बारा इंचाची गोल झाली की साडेसात इंच. रुंदी दुप्पट, त्यामुळे तोंड चौपट, शिवाय खोलीही जास्त. माती भरते नऊ-दहा लिटर. म्हणजे आकडा दुप्पट आणि माती सातपट. एकवीस-एकवीसची पिशवी भरली तर चाळीस लिटरच्या वर जाते, ती दोन माणसांशिवाय हलत नाही.

जागेचंही तसंच. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. त्यातला एक तृतीयांश चालायला, पाइप ओढायला सोडला, तर सहा-आठच्या सात हजारांच्या आसपास पिशव्या मावतात. बारा-पंधराच्या अगदी खेटून ठेवल्या तरी अठराशे. एकवीसच्या तर झाडाच्या घेराला जागा सोडून तीनशेच्या वर ठेवू नयेत. ज्या गुंठ्यात सात हजार जीव राहत होते तिथे तीनशेच राहणार असतील, तर त्या तीनशेंना भाडंही तेवढं द्यावं लागणार. हे मी गिऱ्हाइकाला सांगत नाही, कारण ते ऐकून घेईपर्यंत त्याची गाडी रस्त्याला लागलेली असते. पण आमचा दर ठरतो तो असा, वरच्या पानांकडे बघून ठरत नाही.

आणि यात पाण्याचा हिशेब अजून आलेलाच नाही.

आमच्याकडे पाणी घालायला मामा आहेत. अण्णांच्या वेळेपासून आहेत. बाकीची कामं, म्हणजे पिशव्या भरणं, खुरपणी, सुकलेली पानं काढणं, हे सगळं मावश्यांची टोळी करते. पाण्याच्या पाइपला मात्र मामांशिवाय कुणी हात लावायचा नाही. सुरुवातीला मला हा त्यांचा तोरा वाटायचा. एका एप्रिलात मामा गावी जत्रेला गेले आणि चार दिवस पाइप माझ्या हातात आला, तेव्हा तोरा माझाच उतरला.

पहिल्याच दिवशी सकाळी अकराला मी नळ सोडला आणि थेट तुळशीच्या रोपांवर पाइप धरला. पाइप काळा, सकाळपासून उन्हात पडलेला. त्याच्या पोटात जे पाणी होतं ते चहाला चालेल इतकं तापलेलं होतं. संध्याकाळी दोन ट्रे रोपं मान टाकून पडली. मामा रोज पहिलं मिनीटभर पाणी वाटेवर सोडून देतात, हे मी वर्षानुवर्षं बघत होते आणि मनात म्हणत होते, केवढं पाणी वाया घालवतात.

लहान पिशव्यांना पाणी द्यायला फारसा वेळ लागत नाही. पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून फवारा करायचा आणि वाफ्यावरून मागेपुढे चालत जायचं, गुंठाभर वीस-पंचवीस मिनिटांत उरकतो. मोठ्या पिशवीला तसं चालत नाही. फवाऱ्याचं पाणी पानांवर पडतं, पानं छत्रीसारखी ते बाहेर टाकतात, दोन ओळींमधल्या जमिनीला पाणी मिळतं आणि पिशवी कोरडीच राहते. म्हणून एकेका पिशवीच्या तोंडाशी पाइप धरून मोजायचं. बारा-पंधराला मामा पाचपर्यंत मोजतात, ओठातल्या ओठात. पाऊण इंची पाइपाने तेवढ्यात सव्वा लिटर जातं. कडेच्या ओळीला मात्र ते सहा-सातपर्यंत मोजतात, कारण तिला ऊन आणि वारा बाहेरून लागतो, ती आतल्या ओळींपेक्षा लवकर सुकते. नवा माणूस सगळ्यांना सारखंच मोजतो. मग कडेची झाडं वाळतात आणि मधली कुजतात, आणि तो म्हणतो, "ताई, मी तर रोज पाणी घालत होतो."

झाडाला पाणी हवंय का हे मामा पान बघून ठरवत नाहीत. पान सुकल्यासारखं दिसतं ते तहानेनेही आणि मुळं कुजल्यावरही, दोन्ही वेळेला सारखंच. मामा जाता जाता पायाच्या अंगठ्याने पिशवीला बुडाशी हलकं ढकलतात. हलली तर कोरडी, जागची हलली नाही तर ओली. हजारो पिशव्यांतून चालताना ते असं ढकलत जातात आणि मधेच एखादीपाशी थांबतात. मी विचारलं, "का थांबलात?" तर म्हणाले, "ही हलकी लागली. वरून ओली दिसतीय, आत पाणी गेलं नाय." खुरप्याने माती उकरली तर खरंच, दोन इंचांखाली धूळ. कोकोपीट जास्त असलेली माती एकदा पूर्ण वाळली की पाणी पीत नाही. पाणी पिशवीच्या कडेकडेने खाली उतरतं, भोकांतून बाहेर येतं आणि बघणाऱ्याला वाटतं, झालं पाणी. अशी पिशवी पाण्याच्या टबात बुडबुडे थांबेपर्यंत बसवावी लागते. दुसरा इलाज नाही.

"ठिबक का नाही लावत?" हा प्रश्न मला कृषी पदवीधर भाच्यापासून बँकेच्या साहेबांपर्यंत सगळ्यांनी विचारलाय. लावलंय, एकवीसच्या पिशव्यांना. त्या वर्ष-दीड वर्ष जागच्या हलत नाहीत, तिथे ते उत्तम चालतं. पण बारा-पंधरापर्यंतचा माल रोज हलतो. आज या ओळीतली चार विकली, उद्या त्या ओळीतली दहा टेम्पोत चढली. झाड जातं आणि ड्रिपर तिथेच जमिनीवर ठिबकत राहतो, तिथे गवत माजतं. शिवाय आमच्या बोअरचं पाणी जड आहे, क्षार बसून ड्रिपरची तोंडं बुजतात आणि कोणतं बुजलंय हे कळतं ते झाड वाळल्यावर. मामांच्या भाषेत, "पाइपाला डोळे असत्यात, नळीला नसत्यात."

पाण्याचा दुसरा आधार म्हणजे कालवा. खडकवासल्यातून निघालेला नवा मुठा उजवा कालवा आमच्याकडून पुढे दौंड-इंदापूरकडे जातो. आवर्तन सुटलं की विहिरींना पाझर लागतो आणि त्या गोड पाण्यावर सोनचाफ्याची नवी पालवी कशी तुकतुकीत येते! उन्हाळ्यात मात्र शहराचं पिण्याचं पाणी आधी, शेतीचं नंतर, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये आवर्तन लांबलं की बोअरवरच भागवावं लागतं. मग चाफ्याच्या पानांच्या कडा करपतात, तांबूस होतात. गिऱ्हाईक म्हणतं, रोग आहे. रोग नसतो, बोअर असतो.

इथे थोडं विषयांतर करते, कारण सगळाच माल असा पिशवीच्या मापाने विकला जात नाही. हिवाळी फुलझाडांचा दर आकारावर नसतोच. पिटुनिया, डायँथस, साल्विया, शेवंती ही सगळी दुधासारखी, आज विकलं तर विकलं. सोनचाफा किंवा आंबा लोणच्यासारखा, मुरला तर भाव चढतो. पिटुनियाचं बी मोहरीपेक्षा कितीतरी बारीक, पुडी उघडताना श्वाससुद्धा जपून सोडावा लागतो. ऑगस्टच्या शेवटी ट्रेमध्ये टाकलं तर नोव्हेंबरात कुंडीत फूल दिसतं. आणि फूल दिसल्याशिवाय गिऱ्हाईक हात लावत नाही, कळी दाखवून चालत नाही, निदान एक तरी उमललेलं लागतं. मग फुलावर आलेल्या कुंडीला आमच्याकडे जेमतेम तीन-चार आठवडे. जानेवारीच्या अखेरीला पंचवीसची कुंडी दहाला मागतात आणि आपण देतो. ज्या वर्षी परतीचा पाऊस रेंगाळतो त्या वर्षी रोपं ट्रेमध्येच देठाशी काळी पडून कोलमडतात. आज दोन, उद्या तळहाताएवढा गोल, परवा अख्खा ट्रे. एवढं असूनही दर वर्षी मी हा जुगार खेळते. का, तर हिवाळ्यात मावश्यांची हजेरी त्याच पैशातून निघते. चाफा चौदा महिने पैसे खातो, पिटुनिया तीन महिन्यांत परत देतो. एकाच्या जिवावर दुसरा उभा असतो.

तर आता हिशेब त्या तीनशे चाफ्यांचा, ज्यांतले दीडशे गेटाशी उतरले होते. माझ्या वहीत तो आहे म्हणून सांगता येतो. सगळ्या लॉटचा मीही ठेवत नाही.

जुलै २०२३मध्ये सहा-आठच्या पिशवीतली तीनशे कलमं आणली, ७० रुपयांनी. कलमंच आणली, बियांची नाही, कारण बियांचा चाफा फुलायला बरीच वर्षं घेतो, कलम पहिल्या-दुसऱ्या वर्षातच कळी दाखवतं. ती बारा-पंधराच्या पिशवीत बदलली. पिशवी ७ रुपये, माती-शेणखत-कोकोपीट मिळून २५, भरण्या-उचलण्याची मजुरी १०. वाफा असा लावला की आडवी सहा, उभी पन्नास, खेटून. खेटून, कारण त्या वर्षी जागा नव्हती. ही माझी चूक, ती पुढे दोनदा अंगाशी आली.

चौदा महिन्यांत या वाफ्याला किती वेळा पाणी दिलं असेल? मार्च ते मधला जून रोज दोनदा, म्हणजे दोनशेच्या वर पाळ्या. ऑक्टोबर ते फेब्रुवारी शंभरच्या आसपास. पावसाळ्यात उघडीप पडली की तीसेक. धरा ३४०. एका पाळीला मामांना सत्तावीस मिनिटं लागतात, मी घड्याळ लावून बघितलंय. सगळं जोडलं तर दीडशे तासांवर जातं, म्हणजे एकोणीस दिवसांची हजेरी. पाचशेच्या हजेरीने साडेनऊ हजार, झाडामागे ३२ रुपये. नुसतं पाइप धरून उभं राहण्याचे. खत, फवारणी, खुरपणी आणि पिशव्या फिरवण्याचे आणखी २०.

पिशव्या फिरवणं हे एक काम बाहेरच्यांना माहीत नसतं. तीन-चार महिन्यांत मुळं पिशवीच्या भोकांतून खाली जमिनीत शिरतात. झाड मग एकदम जोमात येतं, आपल्याला आनंद होतो, आणि विकायच्या दिवशी पिशवी उचलली की 'टर्र' असा आवाज येतो. खालची सगळी मुळं तुटतात आणि गिऱ्हाइकाच्या दारात तिसऱ्या दिवशी झाड मान टाकतं. म्हणून अधूनमधून प्रत्येक पिशवी उचलून, बाहेर आलेली मुळं छाटून, परत ठेवायची. तीनशे पिशव्या, प्रत्येकी दहा-बारा किलोची. मावश्या त्या दिवशी माझ्याशी फार बोलत नाहीत.

बेरीज केली तर झाडामागे १६४ रुपये झाले, तीनशेंचे ४९,२००. पण तीनशे उरली कुठे? अडतीस मेली. जवळजवळ सगळी पहिल्या पावसाळ्यात आणि जवळजवळ सगळी मधल्या ओळींतली, जिथे हवा खेळत नव्हती आणि माती वाळतच नव्हती. सोनचाफ्याला पाणी साचलेलं अजिबात खपत नाही. राहिली २६२. खर्च तेवढ्यांवरच वाटायचा, म्हणजे झाडामागे १८८ पडले, जागेचं भाडं, वीजबिल आणि माझा स्वतःचा पगार न धरता. माझा पगार तसाही कोणी धरत नाही.

त्या २६२ पैकी १७० झाडं पिशवीसकट सहा फूट झाली, बाकीची ९२ त्याहून बुटकी राहिली. आता गंमत बघा. उंच गेली ती कोणती? मधल्या ओळींतली. खेटून ठेवल्याने बाजूने उजेड मिळेना, मग सगळी वर पळाली. बुंधा बोटाएवढा, खालची पानं गळलेली, बांबूची काठी बांधल्याशिवाय उभी राहीनात. आणि बुटकी राहिली ती बहुतेक कडेच्या ओळींतली, ऊन-वारा खाल्लेली, मामांनी सात मोजून पाणी दिलेली. बुंधा अंगठ्याएवढा, जमिनीपासून फांद्या. जमिनीत लावल्यावर पहिल्या वर्षी कोण धरेल असं मला विचारलंत तर मी डोळे मिटून कडेचं झाड देईन. पण ऑर्डर होती सहा फुटांची. म्हणून ३२०च्या खात्यात गेली ती लुकडी, आणि धट्टीकट्टी २४०च्या खात्यात राहिली.

म्हणजे टेप लावून माल घेणाऱ्याने माझ्याकडून त्यातल्या त्यात वाईट झाडं जास्त पैसे देऊन नेली. आणि मी ती दिली.

मग पिशवी बघून घ्यावं का? पिशवीही खोटं बोलू शकते. आमच्या पट्ट्यातही हे चालतं, सहा-आठमधलं झाड आज बारा-पंधरात बदलायचं आणि आठ दिवसांत मोठ्या पिशवीच्या दराने विकायचं. माती नवी, पाणी आठ दिवसांचं, आणि पैसे वर्षाचे. ओळखायचं कसं? झाडाचा बुंधा मातीलगत धरून हलकंच वर ओढायचं. झाडाबरोबर पिशवीतला सगळा गोळा उचलल्यासारखा वाटला तर मुळांनी माती धरलीय. झाड एकटंच सुटून येतंय असं वाटलं, की ते कालचं पाहुणं. मातीवर हिरवट शेवाळाची खपली असेल, पिशवीचा काळा रंग उन्हाने विटून राखाडी झाला असेल, भोकांतून मूळ डोकावत असेल, तर तिथे दिवस गेलेत. लोक चकचकीत नवी पिशवी निवडतात आणि विटकी बाजूला सारतात. मला बघवत नाही, पण दुकानदार म्हणून गप्प बसते.

कधी कधी पिशवी बरोबर, दिवस बरोबर, आणि तरीही आत गफलत असते. आंध्रातल्या गोदावरीकाठच्या कडियमहून आमच्याकडे ट्रकच्या ट्रक माल येतो. तिथे नर्सऱ्यांचं गावच्या गाव आहे, आणि त्यांच्यासारखी पाम, फायकस, बोगनवेल त्या भावात आपल्याला जमत नाही, हे कबूल. पण त्यांच्या पिशवीत नदीकाठची चिकणमाती असते. तिथल्या दमट हवेत ती बरी चालते. इथे आपण तो गोळा तसाच ठेवून भोवती आपली भुसभुशीत माती भरतो. मामा पाचपर्यंत मोजून पाणी देतात, ते सगळं भोवतालच्या मातीत मुरतं, आतला गोळा विटेसारखा कोरडा राहतो. किंवा पावसाळ्यात उलटं, गोळा महिनाभर चिखलच. बाहेरून दोन्ही वेळेला पिशवी तीच. यावर आम्ही आता असं करतो, की ट्रक उतरला की आठ-दहा दिवस माल शेडनेटखाली नुसता बसू द्यायचा, बदलायचा नाही. मग पावसाळी हवेत, गोळा ओला करून, बाहेरची बोटभर माती हलक्या हाताने सोडवायची आणि मगच नव्या पिशवीत ठेवायचं. सगळा गोळा फोडला तर झाड जातं, अजिबात नाही फोडला तर वर्षभर कुढतं. त्या बोटभर मातीचं माप पुस्तकात नाही, मावशींच्या हातात आहे.

हे सगळं त्या सुपरवायझरला गेटाशी उभं राहून सांगता येत नव्हतं. मी सांगायला गेले आणि बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं, की हा जे म्हणतोय ते वावगं नाही. त्याच्या साहेबांनी कागदावर 'उंची सहा फूट' लिहिलंय, झाड लावल्यावर ते जमिनीवर पाचच फूट दिसणार, आणि शिव्या यालाच बसणार. त्याच्याकडे टेप होता, माझ्याकडे रिवाज. टेम्पो परत न्यायचा तर भाडं माझ्या डोक्यावर, आणि दीडशे झाडं पुन्हा चढवताना-उतरवताना वीसेक तरी मोडणार. तासाभराने २८० वर तुटलं. १८८ पडलेलं झाड २८० ला, त्यातून टेम्पो, हमाली. तोटा नाही झाला. पण चौदा महिन्यांचं कौतुक म्हणून जे काय हातात राहायचं, ते त्या तेरा इंचांत गेलं.

सही करताना तो म्हणाला, "मॅडम, पुढच्या वेळी मातीपासून लिहा. मलाही बरं." तेव्हापासून आमच्या चलनावर तीन रकाने आहेत. पिशवी, मातीपासून उंची, आणि बुंधा. बुंध्याचा रकाना माझा हट्ट. मातीपासून सहा इंचांवर जाडी मोजून लिहिते. आजवर एकाही गिऱ्हाइकाने त्या रकान्यावरून भाव केलेला नाही. एका शाळेच्या सरांनी मात्र विचारलं होतं, हे काय. सांगितल्यावर त्यांनी कडेच्या ओळीतली बुटकी दहा नेली, पाच फुटीच्या दराने. मी मनातून त्यांना दोनदा नमस्कार केला.

राहिलेली उंच वीस आणि बुटकीतली काही अशी पन्नासेक वर्षभरात किरकोळीत गेली. साठ उरली, सगळी कडेची. २०२५च्या जूनमध्ये पहिला दमदार पाऊस झाल्यावर ती अठरा-अठराच्या पिशवीत बदलली. यावेळी खेटून नाही ठेवली, दोन पिशव्यांत हातभर जागा सोडली. माझा हट्ट बघून मावश्या आपसात हसल्या, ताईंना जागा जास्त झालीय म्हणे. वहीत नवं पान उघडून मी आकडे मांडले, पिशवी इतकी, माती सत्तावीस लिटर, मजुरी इतकी.

पावसाने आठवडाभर उघडीप दिली तेव्हा मामा पाइप ओढत त्या वाफ्यापाशी आले. पहिलं पाणी वाटेवर सोडलं. मग पिशवीच्या तोंडाशी पाइप धरून मला विचारलं, "ह्येला कितीपर्यंत मोजू?"

मी वहीत बघितलं. माती पावणेतीन पट. "तेरा-चौदा," म्हटलं.

मामांनी पायाने पिशवी ढकलून बघितली. ती हलली नाही. "आज नऊ बास," ते म्हणाले, आणि ओठांतल्या ओठांत मोजायला लागले.